‘टक्क्यांनी’ की ‘टक्क्यांवर’? दरातला बदल लिहिताना होणाऱ्या चुका आणि त्या टाळायची रीत

२०२५च्या घटस्थापनेला, म्हणजे २२ सप्टेंबरला, जीएसटीचे नवे दर लागू झाले. ३२ इंचांपेक्षा मोठ्या टीव्हीवरचा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. आमच्या शेजारच्या काकूंनी ४३ इंची टीव्हीचं कोटेशन ऑगस्टमध्येच आणून ठेवलं होतं, ४४,८०० रुपयांचं. दसऱ्याला तोच टीव्ही घरी आला ४१,३०० रुपयांना. संध्याकाळी सोनं द्यायला आल्या तेव्हा त्यांच्या हातात आपट्याच्या पानांबरोबर ते दोन्ही कागदही होते.

“दहा टक्के कमी झाले असं तुमच्याच पेपरात वाचलं मी,” त्या म्हणाल्या. “चव्वेचाळीस हजार आठशेचे दहा टक्के म्हणजे चार हजार चारशे ऐंशी. माझे कमी झाले साडेतीन हजार. मधले नऊशे ऐंशी रुपये दुकानदाराने खाल्ले की नाही, ते तू सांग.”

काकूंचा गुणाकार बरोबर होता. चूक आमच्या पानावरच्या वाक्यात होती. ‘टीव्ही दहा टक्क्यांनी स्वस्त’ असं आम्ही छापलं होतं आणि ते खरं नव्हतं. मी बरीच वर्षं अर्थविषयक पानाच्या बातम्या तपासतो, आणि या एका प्रकारच्या चुकीइतकी दुसरी कुठलीही चूक इतक्या नेमाने माझ्यासमोर आलेली नाही. त्यामुळे ती कशी होते, कशी ओळखायची आणि कशी टाळायची, ते इथे सविस्तर लिहितो. बातमी लिहिणाऱ्याला याचा उपयोग आहेच, पण संस्थेचा अहवाल, बचत गटाचा हिशेब किंवा शाळेचा निकाल लिहिणाऱ्यालाही तेवढाच आहे.

काकूंचे दोन कागद

पहिल्या कागदावर टीव्हीची करपूर्व किंमत ३५,००० रुपये होती. त्यावर २८ टक्के कर म्हणजे ९,८०० रुपये, एकूण ४४,८००. दुसऱ्या कागदावर करपूर्व किंमत तीच, ३५,०००. त्यावर १८ टक्के कर ६,३०० रुपये, एकूण ४१,३००. म्हणजे दुकानदाराने करातली सगळी कपात काकूंना दिली होती. एक रुपयाही ठेवून घेतला नव्हता.

आता या एकाच घटनेबद्दल किती निरनिराळे आकडे खरे आहेत ते पाहा. कराचा दर २८ वरून १८ वर आला, म्हणजे वजाबाकी केली तर १० उरतात. ही झाली दहा टक्केबिंदूंची घट. पण २८ च्या मानाने १० म्हणजे किती? १० भागिले २८, म्हणजे ३५.७ टक्के. कराचा दर मूळ दराच्या एक तृतीयांशाहून अधिक उतरला. कराची रक्कमही तेवढ्याच प्रमाणात उतरली, ९,८०० वरून ६,३०० वर. आणि काकूंच्या खिशातून जाणारी रक्कम? ती ४४,८०० वरून ४१,३०० वर आली. ३,५०० भागिले ४४,८००, म्हणजे ७.८ टक्के.

दहा, पस्तीस पूर्णांक सात आणि सात पूर्णांक आठ. तिन्ही आकडे बरोबर आहेत, पण प्रत्येक आकडा वेगळ्या प्रश्नाचं उत्तर आहे. काकूंचा प्रश्न होता, ‘मला किती स्वस्त पडलं?’ आणि आम्ही उत्तर छापलं होतं ‘कराचा दर किती उतरला?’ याचं. साडेतीन हजार हे ३५,००० चे बरोबर दहा टक्के आहेत, पण ३५,००० ही किंमत काकूंनी कधी मोजलेलीच नव्हती.

२८ चे १८ होताना ग्राहकाची किंमत किती उतरते हे काढायला टीव्हीची किंमत लागतही नाही. १०० रुपयांची वस्तू आधी १२८ ला मिळत होती, आता ११८ ला मिळते, म्हणून १० भागिले १२८. त्याच दिवशी अनेक वस्तू १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आल्या. तिथे कराची घट सात टक्केबिंदूंची, आणि ११२ ची वस्तू १०५ ला म्हणजे किमतीतली घट सव्वासहा टक्के. ‘सात टक्के स्वस्त’ हे तिथेही चूकच ठरलं असतं.

पहिली पायरी: बदललं काय, ते एका वाक्यात लिहा

आकड्याला हात लावण्याआधी कागदावर एक साधं वाक्य लिहायची सवय मला लागली आहे: ‘कशाचे, किती काळात, इतके टक्के.’ कर असेल तर ‘करपूर्व किमतीचे २८ टक्के’. साक्षरता असेल तर ‘सात वर्षांवरील दर शंभर माणसांमागे’. व्याज असेल तर ‘मुद्दलावर वर्षाला’.

काळ लिहायचा तो विनाकारण नाही. आपल्याकडे ‘दोन टक्क्याने पैसे घेतले’ असं कुणी म्हणालं, तर खाजगी उसनवारीत त्याचा अर्थ बहुतेक वेळा शेकडा दोन रुपये महिना असा असतो, म्हणजे वर्षाला चोवीस. तोच माणूस बँकेच्या कर्जाबद्दल ‘नऊ टक्के’ म्हणतो तेव्हा ते वर्षाचे असतात. ‘व्याज दोनाचं तीन टक्के झालं’ हे ऐकून एका टक्केबिंदूची वाढ लिहिली, तर वर्षाच्या हिशेबात ती बारा टक्केबिंदूंची वाढ आहे हे कुणाच्या लक्षात येणार नाही. अशा माणसाची बातमी लिहिताना आधी विचारून घ्यायचं, महिन्याचं की वर्षाचं.

हे वाक्य लिहून झालं की पुढचा प्रश्न आपोआप सुटतो. जी गोष्ट मोजली ती रुपयांत, माणसांत, क्विंटलमध्ये आहे की ती स्वतःच टक्क्यांत आहे? रुपये किंवा माणसं असतील तर फारसा धोका नाही. कांदा २,००० रुपये क्विंटलवरून २,२०० वर गेला तर तो दहा टक्क्यांनी महागला, इथे दुसरा अर्थ निघतच नाही. घोटाळा होतो तो मोजलेली गोष्ट आधीच टक्क्यांत असते तेव्हा. कारण मग बदलही टक्क्यांत आणि मूळ आकडाही टक्क्यांत, आणि मराठीत दोघांनाही आपण ‘टक्के’ एवढंच म्हणतो.

दुसरी पायरी: जुना आणि नवा, दोन्ही दर शेजारी शेजारी मांडा, मग वजाबाकी, मग भागाकार

रिझर्व्ह बँकेचा रेपो दर घेऊ, कारण तो सगळ्यांच्या कर्जाशी जोडलेला आहे आणि त्याचे आकडे स्पष्ट आहेत. ६ जून २०२५ रोजी रेपो दर ६ टक्क्यांवरून ५.५० टक्क्यांवर आणला गेला.

नव्यातून जुना वजा करा: ५.५० − ६.०० = −०.५०. हा टक्केबिंदूंतला बदल. बँकांच्या भाषेत पन्नास बेसिस पॉइंट, कारण शंभर बेसिस पॉइंट म्हणजे एक टक्केबिंदू. आपल्या बोलीत ‘अर्धा टक्का’. आता तीच वजाबाकी जुन्या दराने भागा: ०.५० ÷ ६.०० = ०.०८३३, म्हणजे ८.३३ टक्के. हा टक्केवारीतला बदल.

भागताना खाली नेहमी जुना आकडा. नव्याने भागलं तर उत्तर ९.०९ येतं आणि ते या घटीचं उत्तर नसतं. हे एवढं सोपं असूनही घाईत उलटं होतं, विशेषतः तक्त्यात नवं वर्ष डावीकडे आणि जुनं उजवीकडे छापलेलं असतं तेव्हा. सरकारी तक्त्यांत दोन्ही क्रम सापडतात, म्हणून रकान्याचं डोकं वाचल्याशिवाय वजाबाकी करू नये.

संगणकावर करत असाल तर एक अडचण हमखास येते. A2 मध्ये जुना दर आणि B2 मध्ये नवा दर टक्क्याच्या चिन्हासकट भरला असेल तर ही दोन सूत्रं चालतात:

```
=(B2-A2)*100
=(B2-A2)/A2*100
```

पहिल्याचं उत्तर −०.५ यायला हवं, दुसऱ्याचं −८.३३. उत्तराची चौकट साध्या आकड्याची ठेवा. ती टक्क्यांची ठेवली तर पहिलं उत्तर −५०% असं दिसेल आणि कुणीतरी ते तसंच उचलेल. दर भरताना टक्क्याचं चिन्ह दिलंच नसेल, नुसते 6 आणि 5.5 भरले असतील, तर पहिल्या सूत्रातलं शंभराने गुणणं काढून टाका, नाहीतर तिथेही −५० येतं. योगायोगाने ते बेसिस पॉइंटचं बरोबर उत्तर आहे, आणि म्हणूनच ते चटकन संशयास्पद वाटत नाही. आणखी एक गोष्ट: दशांशस्थळं लपवलेली असतील तर पाव टक्क्याचा बदल तक्त्यात शून्य दिसतो. बदल शून्य दिसला की आधी दशांशस्थळं उघडून पाहावीत.

तिसरी पायरी: प्रत्यय तपासा

त्या जूनच्या दिवशी एका नव्या सहकाऱ्याची बातमी माझ्याकडे आली. पहिलं वाक्य होतं, ‘रेपो दर ५.५० टक्क्यांनी कमी करण्यात आला.’ मी त्याला बोलावून म्हटलं, “सहा टक्क्यांतून साडेपाच गेले तर किती उरले?” तो म्हणाला, “अर्धा. पण सर, अर्ध्याने कमी झाला आणि साडेपाच उरले, उलटं लिहिलं मी.” एक ‘नी’ आणि एक ‘वर’ यांची अदलाबदल झाली होती, आणि त्या बातमीप्रमाणे देशाचा रेपो दर अर्धा टक्का उरला होता.

मराठीत ही चूक इतकी सहज होण्याचं कारण आपल्या प्रत्ययांत आहे. ‘टक्क्यांवरून’ जुना आकडा सांगतो. ‘टक्क्यांवर’ किंवा ‘टक्क्यांपर्यंत’ नवा आकडा सांगतो. ‘टक्क्यांनी’ दोघांतलं अंतर सांगतो. आणि ‘टक्क्यांची’ हा सगळ्यांत फसवा, कारण ‘सहा टक्क्यांची वाढ’ याचा अर्थ वाचणारा आपल्या सोयीने घेतो. म्हणून दराची बातमी तपासताना मी आधी फक्त प्रत्ययांवर बोट फिरवतो: वरून, वर, नी. जिथे ‘ची’ दिसेल तिथे वाक्य मोडून पुन्हा लिहितो.

त्यातही एक बारकावा आहे. ‘पाव टक्का’, ‘अर्धा टक्का’ म्हटलं की मराठी माणसाला त्याचा अर्थ अचूक लागतो. पाव टक्क्याने व्याज उतरलं म्हणजे साडेआठाचं सव्वाआठ झालं, हे कुणालाही समजावून सांगावं लागत नाही. साडेआठ टक्क्यांचा पाव टक्का असा अर्थ कुणी घेतच नाही. आपल्या अपूर्णांकांनी हे काम पिढ्यान्‌पिढ्या चोख केलेलं आहे. अडचण पूर्ण आकड्यांत येते. ‘व्याजदर दहा टक्क्यांनी वाढला’ यात आठाचे अठरा झाले की आठाचे ८.८ झाले, हे वाक्य सांगत नाही.

मग यावर ‘टक्केबिंदू’ हा शब्द हाच उपाय का? अहवालात, अभ्यासाच्या लेखात तो जरूर वापरावा. मी स्वतः बातमीच्या मजकुरात तो वापरतो, पण मथळ्यात टाळतो, कारण अजून पुष्कळ वाचकांना तो ओळखीचा नाही आणि मथळा वाचून अडखळलेला माणूस पुढे वाचत नाही. मथळ्यात मी दोन्ही दर लिहितो: ‘रेपो दर ६ वरून साडेपाच टक्क्यांवर’. त्यात अंतर सांगायची गरजच उरत नाही. जागा फारच कमी असेल तर ‘रेपो दरात अर्ध्या टक्क्याची कपात’ चालतं, कारण अपूर्णांक आहे.

बेरीज कुठल्या आकड्यांची होते

२०२५ मध्ये रेपो दर चार वेळा उतरला. फेब्रुवारीत ६.५० वरून ६.२५, एप्रिलमध्ये ६.००, जूनमध्ये ५.५०, डिसेंबरमध्ये ५.२५. टक्केबिंदूंत मोजलं तर पाव, पाव, अर्धा, पाव, एकूण सव्वा. ६.५० वजा ५.२५ केलं तरी सव्वाच. बेरीज जुळते.

आता प्रत्येक वेळचा टक्केवारीतला बदल घ्या: ३.८५, ४, ८.३३ आणि ४.५५. यांची बेरीज २०.७ होते. पण वर्षभराचा खरा बदल म्हणजे १.२५ भागिले ६.५०, तो १९.२ टक्के आहे. फरक पडला कारण प्रत्येक वेळी भाजक बदलत गेला. टक्केबिंदूंची बेरीज करता येते, टक्केवारीतल्या बदलांची करता येत नाही. तिमाही अहवालांतून वर्षाचा आढावा लिहिणारे इथेच अडकतात. चार तिमाहींतली टक्केवारीतली घट एकाखाली एक मांडून बेरीज मारलेली मी अनेकदा खोडली आहे. वर्षाचा बदल हवा असेल तर पहिला आणि शेवटचा दर घ्या, मधले विसरून जा.

चढ आणि उतार यांचंही तसंच. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर ४ वरून ६.५० वर गेला. अडीच टक्केबिंदू, आणि टक्केवारीत साडेबासष्ट टक्क्यांची वाढ. तो परत ४ वर आणायचा तर कपात लागेल अडीच टक्केबिंदूंचीच, पण टक्केवारीत ती ३८.५ टक्के दिसेल. ‘साडेबासष्ट टक्क्यांनी वाढवला आणि जेमतेम साडेअडतीस टक्क्यांनी कमी केला’ असं कुणी लिहिलं तर वाचणाऱ्याला अन्याय झाल्यासारखं वाटेल, आणि दर मात्र जिथून निघाला तिथेच पोचलेला असेल.

व्याजदराबाबत टक्केवारीतला बदल सांगूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. तो आकडा कुणाच्याच उपयोगाचा नसतो. ३० लाखांचं वीस वर्षांचं गृहकर्ज साडेआठ टक्क्यांवरून सव्वाआठवर आलं तर दर टक्केवारीत २.९ टक्क्यांनी उतरला. पण कर्जदाराचा हप्ता २६,०३५ वरून २५,५६२ होतो, म्हणजे ४७३ रुपयांनी, १.८ टक्क्यांनी उतरतो, कारण हप्त्यात मुद्दलही असतं आणि ते कमी झालेलं नाही. वाचकाला पाव टक्का सांगा आणि ४७३ रुपये सांगा. २.९ सांगितलं तर तो आपल्या हप्त्यातून २.९ टक्के वजा करून बसेल, आणि काकूंसारखा कुणाकडे तरी जाब विचारायला जाईल.

दर शून्याजवळ असतो तेव्हा

सप्टेंबर २०२५ मध्ये किरकोळ महागाईचा दर १.४४ टक्के होता, ऑक्टोबरमध्ये तो ०.२५ टक्क्यांवर आला. वजाबाकी १.१९, म्हणून घट १.१९ टक्केबिंदूंची. भागाकार केला तर उत्तर येतं जवळपास ८३ टक्के. ‘महागाई ८३ टक्क्यांनी घटली’ हा मथळा गणिताने चुकीचा नाही, पण वाचणाऱ्याची त्याने पूर्ण दिशाभूल होते. त्याच्या डोळ्यांसमोर शंभराची वस्तू सतराला मिळाल्याचं चित्र उभं राहतं.

महागाईचा दर हाच मुळात बदलाचा दर आहे. ०.२५ टक्के म्हणजे ऑक्टोबर २०२४ मध्ये जी पिशवी १०० रुपयांत भरत होती ती वर्षाने १०० रुपये २५ पैशांना भरली. सर्वसाधारण किमती उतरल्या नाहीत, त्यांची वाढ जवळजवळ थांबली. महागाईचा दर उतरणं आणि किमती उतरणं या दोन वेगळ्या घटना आहेत. त्या महिन्यात अन्नधान्याच्या महागाईचा दर मात्र उणे ५.०२ टक्के होता, म्हणजे खाद्यपदार्थ खरोखर वर्षापूर्वीपेक्षा स्वस्त होते. तेवढंच वाक्य ‘स्वस्त’ या शब्दाला पात्र होतं.

आकडा शून्याच्या जवळ असला की भागाकार फुगतो, कारण भाजक लहान असतो. आकडा उणे असला की भागाकार निरर्थकच होतो. समजा, एखादा दर उणे २ वरून उणे ४ वर गेला. सूत्रात घातला तर उत्तर येतं अधिक १०० टक्के, म्हणजे ‘दुप्पट वाढ’, आणि प्रत्यक्षात तो आणखी खाली गेलेला असतो. म्हणून माझा साधा नियम असा: जो दर शून्याखाली जाऊ शकतो, त्याचा बदल फक्त टक्केबिंदूंत सांगायचा. महागाई, विकासदर, नफ्याचं प्रमाण हे सगळे त्यात आले.

उलट बाजू मोजून पाहा

ही पायरी बहुतेक लोक गाळतात, आणि मला ती सगळ्यांत महत्त्वाची वाटते. उदाहरण साक्षरतेचं घेतो. २००१च्या जनगणनेत देशातले ७५.२६ टक्के पुरुष आणि ५३.६७ टक्के स्त्रिया साक्षर होत्या. २०११च्या जनगणनेच्या प्राथमिक आकड्यांत पुरुष ८२.१४ आणि स्त्रिया ६५.४६ टक्के. अंतिम आकडे थोडे कमी भरले, पण चर्चा झाली ती या प्राथमिक आकड्यांची, म्हणून तेच घेतो.

दहा वर्षांत जास्त प्रगती कुणाची झाली? टक्केबिंदूंत पाहिलं तर पुरुष ६.८८ नी वाढले, स्त्रिया ११.७९ नी. स्त्रिया पुढे. टक्केवारीत पाहिलं तर पुरुषांची साक्षरता ९.१ टक्क्यांनी वाढली, स्त्रियांची २२ टक्क्यांनी. स्त्रिया आणखीच पुढे.

आता हाच कागद उलटा करा. साक्षरतेऐवजी निरक्षरता मोजा. निरक्षर पुरुष २४.७४ टक्क्यांवरून १७.८६ टक्क्यांवर आले. निरक्षर स्त्रिया ४६.३३ वरून ३४.५४ वर. टक्केबिंदूंतलं अंतर तेच राहिलं, ६.८८ आणि ११.७९. पण भागाकार करून पाहा: पुरुषांमधली निरक्षरता २७.८ टक्क्यांनी घटली आणि स्त्रियांमधली २५.४ टक्क्यांनी. या मोजमापात पुरुष पुढे!

माणसं तीच, वर्षं तीच, जनगणना तीच, आणि निष्कर्ष उलटा. कुणीही खोटं बोललेलं नाही. दोघांनी फक्त निरनिराळा भाजक निवडला. हे पहिल्यांदा स्वतः मांडून पाहिलं तेव्हा मी बराच वेळ त्या चार आकड्यांकडे बघत बसलो होतो, आणि तेव्हापासून ‘अमुक गटाची प्रगती जास्त’ असं वाक्य आलं की मी उलट बाजू काढल्याशिवाय ते पुढे जाऊ देत नाही.

उलट बाजू काढणं म्हणजे प्रत्येक दर १०० मधून वजा करून तेच गणित पुन्हा करणं, दोन मिनिटांचं काम. दोन्हीकडून निष्कर्ष एकच आला तर निर्धास्त लिहा. उलटा आला तर टक्केवारीतला बदल बातमीतून काढून टाका आणि चारही दर तसेच द्या, सोबत टक्केबिंदू. हवं तर स्त्री-पुरुषांमधलं अंतर सांगा: ते २१.५९ टक्केबिंदूंवरून १६.६८ वर आलं. हा आकडा कागद उलटा केला तरी बदलत नाही.

मग टक्केवारीतला बदल कधी सांगायचा? जिथे घटना विरळ आहे आणि प्रश्न ‘आधीच्यापैकी किती टळल्या’ असा आहे, तिथे. भारतातला अर्भक मृत्युदर २०१३ मध्ये हजार जिवंत जन्मांमागे ४० होता, २०२३ मध्ये २५. इथे ‘दर ३७.५ टक्क्यांनी घटला’ हे योग्य वाक्य आहे, कारण आधी दगावणाऱ्या दर आठ बाळांमागे तीन आता वाचतात, हा त्याचा सरळ अर्थ आहे. तेच टक्केबिंदूंत लिहायला गेलं तर दीड होतात, आणि दीड म्हटलं की काहीच घडलं नाही असं वाटतं. पण इथेही दोन्ही दर शेजारी द्यायचेच. आणि हा दर हजारामागे आहे हे विसरून ‘१५ टक्क्यांनी घट’ लिहायची चूक तर अगदी नेहमीची. हजारामागे पंधरा म्हणजे शेकडा दीड.

समोरच्याने फक्त बदलच सांगितला असेल तर

पत्रकार परिषदेत, भाषणात, प्रसिद्धिपत्रकात अनेकदा एवढंच येतं: ‘आमच्या तालुक्यात ठिबक सिंचनाखालच्या क्षेत्राचं प्रमाण दहा टक्क्यांनी वाढून २२ टक्के झालं.’ जुना दर दिलेला नसतो. तो मागे जाऊन काढता येतो, पण दोन निघतात. दहा टक्केबिंदू असतील तर २२ वजा १०, म्हणजे आधी १२ टक्के होते. टक्केवारीतले दहा असतील तर २२ भागिले १.१०, म्हणजे आधी २० टक्के होते. बारा आणि वीस यांत केवढा फरक! पहिल्या अर्थाने तालुक्यात जवळजवळ दुपटीचं काम झालं, दुसऱ्या अर्थाने शंभर एकरांमागे दोन एकर वाढले.

अशा वेळी मागच्या वर्षीचं पत्रक किंवा बातमी काढून जुना आकडा १२ च्या जवळ आहे की २० च्या, एवढंच पाहायचं. सहसा लगेच कळतं. ते सापडलं नाही तर फोन करून विचारायचं, पण ‘टक्के की टक्केबिंदू?’ असं विचारू नये. पलीकडच्याला तो फरक माहीत असेलच असं नाही आणि तो गोंधळून काहीतरी उत्तर देऊन टाकतो. विचारायचं ते असं: “मागच्या वर्षी शंभर एकरांत किती होतं?” याचं उत्तर एकच येऊ शकतं. उत्तर मिळेपर्यंत बातमीत लिहायचं ‘प्रमाण आता २२ टक्के आहे’, आणि वाढीचा उल्लेख थांबवून ठेवायचा.